प्रकृतीचं प्रमाणपत्र हातात देण्याआधी: आयुष मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय आयुष मंत्री, भारत सरकार, आणि
अध्यक्ष, भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग,
नवी दिल्ली

महोदय,

26 नोव्हेंबर 2024 ला, संविधान दिनी, ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियान सुरू झालं. 20 फेब्रुवारी 2025 ला मुंबईत त्याचा समारोप झाला. सव्वा कोटीहून जास्त लोकांची प्रकृती, म्हणजे वात-पित्त-कफावरून आयुर्वेद ठरवतो ती जन्मजात शरीराची घडण, तपासली गेली आणि पाच गिनीज विक्रम झाले, असं आपण जाहीर केलंत. आयुर्वेदाचे विद्यार्थी, अध्यापक आणि वैद्य लोकांपर्यंत गेले, मोबाइलवरच्या ॲपमधून प्रश्नांची उत्तरं घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीचं प्रमाणपत्र मिळालं.

मी स्वतः बीएएमएस आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते आणि पंचकर्म करते. आयुर्वेद माझा अभ्यासाचा विषय आहे आणि पोटापाण्याचाही. म्हणूनच हे पत्र बाहेरच्या कुणी लिहिण्याआधी आमच्यातल्याच कुणीतरी लिहावं असं वाटलं. किती लोकांची तपासणी झाली ते कळलं. पण ज्याला ‘कफ-वात’ असं लिहून दिलं तो खरोखर कफ-वात होता का? आणि प्रकृतीनुसार मिळालेला सल्ला पाळून त्याचं काही भलं झालं का? या दोन प्रश्नांची उत्तरं मला हवी आहेत. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांसाठी तीच कामाची आहेत.

हे प्रश्न मला का पडले, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगते. सांगताना आधीच स्पष्ट करते की ही घटना आपल्या अभियानातली नाही. एका खासगी केंद्रात, अशाच प्रकारच्या प्रश्नावलीवरून ती घडली.

चाळिशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका माझ्याकडे आली. सोबत एक छापील कागद होता. त्यावर ‘कफ-वात प्रकृती’ असं लिहिलेलं होतं आणि खाली आहार-विहाराची यादी. दही बंद, दिवसा झोप बंद, सकाळी कोमट पाण्यात मध, त्रिकटू चूर्ण, आठवड्यातून दोनदा उद्वर्तन, रोज भरभर चालणं. तिने हे सगळं काही महिने मनापासून केलं होतं. तरी वजन वाढत होतं. चालायला पायच उचलत नाहीत, म्हणून तिला अपराधी वाटत होतं. केंद्रातल्या लोकांनी सांगितलं होतं की कफ चिवट असतो, पथ्य आणखी कडक करा.

तिने भरलेली उत्तरं तिच्याकडेच होती, ती मी वाचली. वजन पटकन वाढतं: हो. भूक कमी: हो. हालचाल आणि बोलणं संथ: हो. झोप जास्त आणि गाढ: हो. या सगळ्यांचे गुण कफाला. त्वचा कोरडी: हो. केस गळतात: हो. पोट साफ होत नाही: हो. यांचे गुण वाताला. थंडी सहन होत नाही, हे उत्तर तर दोन्हीकडे धरलेलं. बेरीज केली की कफ-वात येणारच. बेरजेत काही चूक नव्हती.

मी तिला एवढंच विचारलं, “हे लहानपणापासून असंच आहे का?” ती म्हणाली, “छे हो, कॉलेजात मी कबड्डी खेळायचे. हे सगळं गेल्या दीड-दोन वर्षांतलं.” पर्समधून तिने शाळेचं जुनं ओळखपत्र काढलं. त्यातल्या फोटोतली बाई आणि समोरची बाई यांच्यात वजनापलीकडचा फरक होता. आता डोळ्यांखाली सूज होती, भुवया बाहेरच्या कडेला विरळ झाल्या होत्या आणि आवाज घोगरा झाला होता. नाडीचे ठोके साठच्या खाली होते. मी तिला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोकलं. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत येताना सावकाश आलं, जणू पाण्यातून वर येत होतं. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे.

रक्त तपासलं. थायरॉइड मंदावला की वाढणारं टीएसएच हे संप्रेरक साधारण 4 च्या आत असायला हवं, ते 80 च्या वर होतं. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, फ्री टी-फोर, खूप खाली. कोलेस्टेरॉल वाढलेलं. मी तिला फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली. वजनाच्या हिशेबाने पूर्ण मात्रा किलोमागे सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम धरतात. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच, आकडा बघून मात्रा कमी-जास्त, पुन्हा सहा आठवड्यांनी तपासणी. आवाज मोकळा झाला, पोट सुधारलं, दुपारी वर्गात डोळे मिटायचे ते थांबलं. वजन फारसं उतरलं नाही हेही सांगायला हवं. या आजारात वाढलेल्या वजनातला जेवढा भाग पाण्या-मिठाचा असतो, बहुतेक तेवढाच जातो. पण तिला एक गोष्ट कळली, की ती आळशी नव्हती, आजारी होती.

आता माझा पहिला आक्षेप. तो आधुनिक वैद्यकाच्या नव्हे, आपल्याच ग्रंथाच्या आधाराने आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात रुग्णाची दशविध परीक्षा सांगितली आहे. त्यात पहिली प्रकृती आणि लगेच दुसरी विकृती. प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर राहते. विकृती म्हणजे आज बिघडलेलं. त्याच अध्यायात कफ प्रकृतीच्या माणसाचं वर्णन आहे: त्याची हालचाल, खाणं आणि बोलणं मंद असतं. मंदावलेल्या थायरॉइडच्या रुग्णाचं वर्णन कुठलाही डॉक्टर जवळपास याच शब्दांत करेल. म्हणूनच प्रकृतीपाठोपाठ विकृती तपासल्याशिवाय ग्रंथकार पुढे जात नाहीत. जी प्रश्नावली फक्त ‘आज कसं आहे’ एवढंच विचारते, ती आजाराला स्वभाव म्हणून नोंदवते. आणि एकदा ‘ही माझी प्रकृतीच आहे’ असं मनात बसलं, की माणूस तपासणीला जात नाही. यात जाणारा वेळ हेच खरं नुकसान.

हे फक्त थायरॉइडपुरतं नाही. सारखी तहान, सारखी भूक आणि उतरणारं वजन ही मधुमेहाची लक्षणं पित्ताच्या रकान्यात सहज बसतात. वाढलेल्या थायरॉइडची धडधड, अस्वस्थता आणि तुटक झोप वातात बसते. रक्तक्षयाचा थकवा तर कुठेही बसतो.

दुसरा आक्षेप मोजमापाबद्दल आहे. एकाच माणसाला दोन वैद्यांनी वेगवेगळं तपासलं तर दोघे एकच प्रकृती सांगतात का? असा अभ्यास झालेला आहे. 15 नोंदणीकृत वैद्यांनी 20 निरोगी माणसांची नाडी, जीभ आणि प्रकृती दोन-दोनदा तपासली. त्यांचा एकमेकांशी आणि स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षाशी किती मेळ बसतो ते पाहिलं. तो कमी ते मध्यम निघाला. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने नंतर प्रकृती मोजण्याची प्रमाणित प्रश्नावली आणि ती भरून घेण्याची कार्यपद्धती तयार केली. हे काम मोलाचं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. पण प्रशिक्षित वैद्याने शांतपणे बसून, अंग तपासून भरलेली प्रश्नावली आणि गर्दीत पाच-दहा मिनिटांत मोबाइलवर दिलेली उत्तरं यांचा निष्कर्ष एकच येतो का, हे तपासल्याशिवाय धरून चालता येत नाही.

इथे कुणी जनुकांचा दाखला देईल, आणि तो अभ्यास खराच महत्त्वाचा आहे. 2015 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेलं संशोधन प्रसिद्ध झालं. पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली आयुसॉफ्ट ही संगणक प्रणाली त्यात वापरली होती. काही जनुकीय फरक प्रकृतीशी जुळतात असं त्यात दिसलं. पीजीएम-वन हे जनुक पित्त प्रकृतीशी जोडलेलं आढळलं. पण तो अभ्यास नीट वाचा. 3,416 पुरुष तपासले आणि जनुकीय तपासणीसाठी निवडले 262. एकच प्रकृती ठळक असलेले आणि ज्यांच्याबाबत वैद्य व संगणक यांचं एकमत झालं, असेच लोक त्यात घेतले. संशोधनासाठी ही निवड योग्यच होती. पण त्याचा दुसरा अर्थही आपण मान्य केला पाहिजे. बहुतेक माणसं या चौकटीत स्वच्छ बसत नाहीत, आणि प्रमाणपत्र मात्र प्रत्येकालाच मिळतं. शिवाय शरीरांमध्ये फरक असतो हे सिद्ध होणं वेगळं, आणि त्या फरकानुसार दिलेला सल्ला गुणकारी ठरणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

माझा तिसरा आक्षेप याच दुसऱ्या गोष्टीवर आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रकृतीनुसार मिळणाऱ्या सल्ल्याचा मोठा भाग कुणालाही लागू पडेल असा असतो. वेळेवर झोपा, भूक लागल्यावर जेवा, तळलेलं कमी करा, रोज चाला. हे पाळून बरं वाटलं तर श्रेय प्रकृतीला जातं. बरं नाही वाटलं तर पथ्य चुकलं, असा दोष रुग्णाला जातो. त्या शिक्षिकेबाबत हेच झालं. सल्ला चुकीचा असू शकतो हे दाखवणारी एकही खूण त्या कागदावर नव्हती. टीएसएचच्या बाबतीत तसं नाही. सहा आठवड्यांनी आकडा खाली आला नाही तर निदान, मात्रा किंवा गोळी घेण्याची पद्धत यांपैकी काहीतरी चुकलं, हे डॉक्टरला मान्य करावंच लागतं. पुराव्यावर उभं असलेलं वैद्यक मी याला म्हणते. गोळी परदेशी की देशी, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि ही शिस्त त्या गोळीलाही सोडत नाही. 2017 साली युरोपात 65 वर्षांवरच्या 737 लोकांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांचं टीएसएच थोडंसंच वाढलेलं होतं. अर्ध्यांना लेव्होथायरॉक्सिन दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. आकडा सुधारला, पण थकवा आणि इतर त्रास यांत दोन गटांत फरक पडला नाही. म्हणजे ज्या गोळीने माझ्या रुग्णाचं आयुष्य रुळावर आलं, तीच गोळी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत कामाची नाही, हे त्याच वैद्यकाने शोधून जाहीर केलं. लाखो लोक ती घेत असताना केलं. आयुर्वेदाकडून मी यापेक्षा जास्त काही मागत नाही, आणि कमीही नाही.

आमच्यातले बरेच जण म्हणतात की आयुर्वेदात प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं, त्यामुळे अशी चाचणी शक्यच नाही. हे खरं नाही. कोइंबतूरमध्ये आमवातासारख्या सांधेदुखीवर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, अशी चाचणी झाली आणि 2011 साली प्रसिद्धही झाली. 43 रुग्णांचे तीन गट केले. एकाला आयुर्वेदिक औषधं, एकाला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध, एकाला दोन्ही. वैद्यांना रुग्णागणिक औषध बदलण्याची मोकळीक होती, तरी कोण काय घेतंय हे झाकलेलं राहिलं, कारण खोटी मेथोट्रेक्सेट आणि खोटी आयुर्वेदिक औषधंही बनवली होती. 36 आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखी दिसली. 43 हा आकडा निकाल लावायला फार लहान आहे, तेव्हा यावरून कुणी जिंकलं-हरलं म्हणू नये. पण चाचणी करता येते, एवढं त्यांनी करून दाखवलं.

प्रकृतीचा विचार टाकून द्या, असं मी म्हणत नाही. विरेचनाची, म्हणजे पोट साफ करणाऱ्या औषधाची, मात्रा ठरवताना मी रोज कोष्ठ, म्हणजे पोट किती सहज साफ होतं ते, विचारते. गरम दुधानेही ज्याला पातळ होतं तो मृदु कोष्ठाचा, त्याला त्रिवृत या रेचक वनस्पतीची मात्रा कमी. क्रूर कोष्ठाच्या माणसाला तेवढ्याने काहीच होत नाही. हे निरीक्षण त्याच दिवशी, जुलाबाचे वेग किती आले ते मोजून, बरोबर की चूक ठरतं. अशा ताबडतोब पडताळता येणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास अनुभवाने बसला आहे. एखाद्याच्या तीस वर्षांच्या आहाराबद्दल प्रमाणपत्रावरून बोलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला वेगळा पुरावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

अभियानात वापरलेली पूर्ण प्रश्नावली, गुण कसे दिले जातात त्याची पद्धत आणि तीच व्यक्ती महिन्याभराने पुन्हा तपासली तर उत्तर कितपत तेच येतं याचे निष्कर्ष सर्वांना वाचता येतील असे, मराठीसह भारतीय भाषांत, प्रसिद्ध करा. अशी फेरतपासणी झाली नसेल तर पुढच्या टप्प्याआधी करा. सव्वा कोटींतले हजारभर लोक त्यासाठी पुरतील.

प्रत्येक लक्षणापुढे ‘हे पहिल्यापासून आहे की अलीकडे सुरू झालं?’ हा प्रश्न सक्तीचा करा. अलीकडे म्हटलं की ते उत्तर प्रकृतीच्या बेरजेत धरू नये. कारण नसताना वजन वाढणं किंवा उतरणं, सारखी तहान, शौचातून रक्त, गिळायला त्रास, छातीत दुखणं, पाळीत फार रक्त जाणं, अशा लक्षणांवर प्रश्नावली तिथेच थांबावी आणि प्रमाणपत्राऐवजी डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी मिळावी. ज्यांना प्रमाणपत्र मिळेल त्यावर ठळक अक्षरात लिहा: हे रोगाचं निदान नाही, चालू औषधं यावरून बंद करू नका.

प्रकृतीनुसार सल्ल्याची एक प्रामाणिक चाचणी करा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला स्वतःच्या प्रकृतीनुसार आहार-विहार, दुसऱ्याला तितक्याच आपुलकीने आणि तितकाच वेळ देऊन सर्वांना चालेल असा चांगला सल्ला. सहा महिन्यांनी एचबीए-वन-सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, आणि वजन बघा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. काय मोजणार ते भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत आधीच लिहून ठेवा, आणि निकाल आपल्या मनासारखा लागला नाही तरी छापा.

आयोगाकडे वेगळी मागणी आहे. खासगी केंद्रं प्रकृती तपासून महिन्यांची पॅकेजं विकतात. तिथे नोंदणीकृत वैद्याने रुग्ण स्वतः तपासला का, विकृतीची नोंद केली का आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर रुग्णाला पुढे पाठवलं का, याचे बंधनकारक नियम करा. बीएएमएसच्या अभ्यासक्रमात प्रकृती शिकवताना ‘प्रकृतीसारखे दिसणारे आजार’ हा भाग प्रात्यक्षिकासह घाला. टाचेची ती शीर ठोकून बघायला प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मिनिटं लागतात.

या पत्राची प्रत जिल्हा आयुष अधिकाऱ्यांनाही देत आहे. फेरतपासणीसाठी किंवा चाचणीसाठी ग्रामीण दवाखाने हवे असतील तर माझा दवाखाना, तिथल्या नोंदी (रुग्णांच्या संमतीने) आणि माझे रविवार आपल्या हवाली आहेत. उत्तर लेखी मिळावं ही विनंती. ते मी दवाखान्यात, रुग्णांना वाचता येईल अशा जागी लावीन.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक वैद्य